सबस्क्रिप्शन बंद केले तरी पैसे कटतात? बँकेला अर्ज देऊन ऑटो डेबिट कसे थांबवायचे

अ‍ॅपमध्ये जाऊन सबस्क्रिप्शन रद्द केले, ‘तुमचे सदस्यत्व संपले’ असा मेसेज आला, आणि तरी पुढच्या महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून पैसे कटले. असे झाले की बहुतेक लोक त्या अ‍ॅपलाच पुन्हा पुन्हा ईमेल करत बसतात. त्यात दोन-तीन महिने जातात आणि प्रत्येक महिन्याला पैसे कटतच राहतात.

मूळ कारण समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे जाते. सबस्क्रिप्शन हा तुमचा आणि कंपनीचा व्यवहार. पण पैसे कटतात ते तुम्ही बँकेला एकदा दिलेल्या परवानगीवर. त्या परवानगीला मँडेट म्हणतात आणि तिची नोंद बँकेकडे असते. अ‍ॅपमधले बटण दाबल्यावर कंपनीने ही नोंद आपल्या बाजूने मागे घ्यायला हवी. कंपनीने ते केले नाही तर मँडेट जिवंत राहते आणि कंपनी दर महिन्याला मागणी पाठवत राहते. सबस्क्रिप्शन चालू आहे की बंद, हे बँकेला कळायला मार्गच नसतो. मागणी आली, मँडेट आहे, पैसे आहेत, म्हणजे बँक पैसे देते.

म्हणून परवानगी जिथे नोंदली आहे तिथेच ती काढून घ्यायची, म्हणजे बँकेत. आणि ती काढून घेतल्याची तारीख तुमच्या हातात कागदावर असली पाहिजे. या तारखेला इतके महत्त्व का, ते पुढे येईलच.

आधी पासबुक भरून घ्या आणि ती ओळ वाचा

शाखेत किंवा पासबुक मशीनवर जाऊन गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी छापून घ्या. पैसे कटले त्या दिवसाची ओळ शोधा. त्या ओळीत काय लिहिले आहे यावर पुढचा मार्ग ठरतो. प्रत्येक बँकेची लिहिण्याची पद्धत थोडी वेगळी असते, पण ढोबळ मानाने तीन प्रकार दिसतात.

ओळीत `UPI` असेल तर ते फोनवरच्या यूपीआय अ‍ॅपमधून मंजूर केलेले ऑटोपे आहे. ते बंद करायला बँकेत जावे लागत नाही. ज्या अ‍ॅपवरून मंजूर केले होते ते उघडा, प्रोफाइलमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असतो, तिथे कंपनीचे नाव निवडून रद्द करा आणि यूपीआय पिन टाका. काम तिथेच होते. फक्त ‘थांबवा’ आणि ‘रद्द करा’ असे दोन पर्याय दिसले तर रद्द करा हाच निवडा, कारण थांबवलेले मँडेट नंतर पुन्हा सुरू होऊ शकते.

डेबिट किंवा क्रेडिट कार्डावरून कटत असेल तर ओळीत कार्डाचे शेवटचे चार आकडे किंवा `SI` असे काहीतरी दिसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरची अशी कपात होण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला कळवायचे असते आणि त्याच सूचनेतून ती कपात किंवा पूर्ण मँडेट नाकारण्याची सोय द्यायची असते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा नेट बँकिंगच्या कार्ड विभागातही मँडेटची यादी असते. तिथून ओटीपी टाकून रद्द करता येते.

तिसरा प्रकार सगळ्यात चिवट. ओळीत `NACH`, `ACH D` किंवा `ACH DR` असे लिहिलेले असते. हे नॅच मँडेट. नॅच म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवते ती देशभरची कपातीची यंत्रणा. कर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते आणि एसआयपी याच वाटेने जातात. सबस्क्रिप्शन घेताना तुम्ही नेट बँकिंगने, डेबिट कार्डाने किंवा आधार ओटीपीने ‘ई-मँडेट’ मंजूर केले असेल, किंवा एखाद्या क्लासच्या माणसाने घरी येऊन छापील फॉर्मवर सही घेतली असेल, तर ते बहुधा याच प्रकारात मोडते. यूपीआय अ‍ॅपमध्ये ते दिसत नाही. म्हणून ‘मी फोनवरून सगळे बंद केले, तरी कटते’ असे म्हणणाऱ्याची ओळ बहुतेक वेळा हीच निघते. पुढचा लेख मुख्यतः या नॅच मँडेटबद्दल आहे.

एक चुकीचा उपाय आमच्या बेळगावच्या सीमाभागात फार चालतो, तो आधी सांगतो. ‘खात्यात पैसेच ठेवायचे नाहीत, मग कटणार काय’ असे म्हणून लोक खाते रिकामे करतात. तसे केल्याने मागणी थांबत नाही, ती परत जाते, आणि परत गेल्याबद्दल बँक तुमच्याकडूनच दंड घेते. अनेक बँकांत हा दंड २५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९५ रुपये पडतो. काही ठिकाणी याहून जास्त. पुढे कधी पगार, पीक विम्याची रक्कम किंवा गॅसचे अनुदान जमा झाले की आधी हा दंड वळता होतो.

हे खरेच सबस्क्रिप्शन आहे, की कर्ज?

अर्ज लिहिण्याआधी हे तपासणे फार गरजेचे आहे. मुलांच्या शिकवणीचे अ‍ॅप, इंग्रजी बोलण्याचा कोर्स, स्पर्धा परीक्षेचे वर्ग यांत कधी कधी ‘महिन्याला इतके भरा’ असे सांगून प्रत्यक्षात एखाद्या वित्त कंपनीचे कर्ज काढून दिलेले असते. वर्षाची पूर्ण फी वित्त कंपनीने क्लासला आधीच दिलेली असते आणि तुम्ही भरता तो त्या कर्जाचा हप्ता असतो.

ओळखायचे कसे? पासबुकातल्या ओळीत अ‍ॅपचे नाव नसून `FINANCE`, `FINSERV`, `CAPITAL` असे शब्द असलेली दुसरीच कंपनी असेल तर थांबा. तुमच्या ईमेलमध्ये किंवा मेसेजमध्ये कर्ज मंजूर झाल्याचा मजकूर शोधा. आपला सिबिल अहवाल काढून पाहा. त्यात ते कर्ज दिसते. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो.

कर्ज निघाले तर नुसते मँडेट रद्द करून सुटका होत नाही. मँडेट ही फक्त पैसे काढण्याची वाट आहे, ती बंद केली तरी देणे राहते. हप्ते थकतात, सिबिलवर शेरा येतो आणि उद्या ट्रॅक्टरसाठी किंवा घरासाठी कर्ज मागायला गेलात की तो शेरा समोर येतो. अशा वेळी कोर्स रद्द करून कर्ज बंद करून घ्या, कंपनीकडून कर्ज बंद झाल्याचे पत्र घ्या आणि मगच मँडेटचा अर्ज द्या.

एक उदाहरण

समजा, खानापूर तालुक्यातल्या एका मावशींनी नातवासाठी शिकवणीचे अ‍ॅप घेतले. महिन्याला ७४९ रुपये, दर ७ तारखेला. ओळीत अ‍ॅपच्या कंपनीचेच नाव आहे, म्हणजे कर्ज नाही. २० जूनला त्यांनी अ‍ॅपमध्ये सदस्यत्व रद्द केले. तरी ७ जुलैला आणि ७ ऑगस्टला ७४९ रुपये कटले. कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी खाते जवळजवळ रिकामे केले. ७ सप्टेंबरला खात्यात ३०० रुपये होते. मागणी परत गेली, २९५ रुपयांचा दंड लागला आणि पाच रुपये उरले. पासबुक भरल्यावर हे सगळे कळले, कारण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा होता आणि बँकेचे मेसेज त्याच्या फोनवर जात होते.

हे शेवटचे आमच्याकडे घरोघरी आहे. मुलगा पुण्यात, गोव्यात किंवा कोल्हापुरात, आणि आई-वडिलांच्या खात्याला नंबर त्याचा. कपातीची आगाऊ सूचना त्याच्याकडे जाते, त्याला वाटते घरच्यांचेच काहीतरी चालू असेल. शाखेत जाणारच आहात तर त्याच दिवशी नंबर बदलण्याचा फॉर्मही भरून द्या.

मावशींनी १५ सप्टेंबरला अर्ज दिला. पुढची कपात ७ ऑक्टोबरला होती, म्हणजे बँकेच्या हातात तीन आठवडे होते. तुम्हीही पुढच्या तारखेच्या किमान आठवडाभर आधी अर्ज द्या. शाखा बहुतेक वेळा स्वतः मँडेट काढत नाही. ती अर्ज मुख्य कार्यालयातल्या नॅच विभागाकडे पाठवते आणि तिथे नोंद रद्द होते. लहान अर्बन सहकारी बँक दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत नॅचला जोडलेली असेल तर आणखी वेळ लागू शकतो. आणि ‘७ तारखेला रविवार आहे, तोवर चालेल’ असे धरू नका. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच रविवारी आणि सुटीच्या दिवशीही चालते.

अर्ज

अर्ज लांबवू नका. बँकेला तुमची सगळी कहाणी नको असते. कोणते खाते, कोणते मँडेट, आणि ते रद्द करा हे स्पष्ट सांगणे, एवढे पुरते. मावशींचा अर्ज असा होता:

> प्रति,
> शाखा व्यवस्थापक,
> (बँकेचे नाव), शाखा (नाव)
>
> दिनांक: १५ सप्टेंबर
>
> विषय: बचत खाते क्रमांक (पूर्ण क्रमांक) वरील नॅच मँडेट कायमचे रद्द करण्याबाबत.
>
> महोदय,
>
> वरील खात्यावर (पासबुकात छापले आहे तसे कंपनीचे नाव) या कंपनीच्या नावे नॅच मँडेट नोंदलेले आहे. त्याचा यूएमआरएन क्रमांक (असल्यास) असा आहे. या कंपनीची सेवा मी २० जून रोजी रद्द केली आहे. तरीही ७ जुलै आणि ७ ऑगस्ट रोजी प्रत्येकी ७४९ रुपये कापले गेले आणि ७ सप्टेंबर रोजी २९५ रुपये परतावा शुल्क लागले.
>
> मी या अर्जाद्वारे बँकेकडे दिलेली ही परवानगी आजपासून मागे घेत आहे. मँडेट कायमचे रद्द करावे आणि या कंपनीची यापुढील कोणतीही मागणी मंजूर करू नये.
>
> मँडेट रद्द झाल्याची तारीख मला लेखी कळवावी. तसेच माझ्या खात्यावर चालू असलेल्या सर्व मँडेटची यादी द्यावी.
>
> सोबत: पासबुकाच्या पानांची प्रत, सेवा रद्द झाल्याच्या मेसेजची छापील प्रत.
>
> (सही, नाव, मोबाइल क्रमांक)

यातल्या तीन गोष्टी मुद्दाम तशा लिहिल्या आहेत.

‘कायमचे रद्द’ हे शब्द सोडू नका. बँकेत एका कपातीपुरते ‘स्टॉप पेमेंट’ वेगळे असते. नुसते ‘पैसे कापू नका’ असे लिहिलेत तर एका महिन्याची कपात थांबते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू होते.

यूएमआरएन हा प्रत्येक मँडेटचा स्वतंत्र क्रमांक असतो, अक्षरे आणि आकडे मिळून २० चा. तो मँडेट नोंदले तेव्हा आलेल्या मेसेजमध्ये किंवा नेट बँकिंगच्या मँडेट विभागात मिळतो. मिळाला नाही म्हणून अर्ज अडवून ठेवू नका. खाते क्रमांकावरून बँकेला तो सापडतो. तुम्ही फक्त पासबुकातली ओळ जशीच्या तशी, इंग्रजी अक्षरांसह उतरवून द्या. अ‍ॅपचे नाव एक आणि त्याच्या कंपनीचे नाव दुसरेच असते. अर्जात अ‍ॅपचे नाव लिहिले तर ‘असे मँडेट नाही’ म्हणून अर्ज परत येतो.

आणि सर्व मँडेटची यादी मागा. एकाच कंपनीची दोन मँडेट निघणे काही नवल नाही, विशेषतः मधे कधी प्लॅन बदलला असेल तर. एक रद्द होते आणि दुसऱ्यावरून कपात चालू राहते.

भाषेचे म्हणाल तर, बेळगाव, चिकोडी, हुक्केरी, अथणी या भागात शाखेतले फॉर्म कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत असतात. काउंटरवरचा माणूस केरळचा किंवा आंध्रचाही असू शकतो. मराठीत अर्ज द्यायला अडचण वाटत असेल तर अर्ज इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहून घ्या आणि त्याची मराठी प्रत स्वतःकडे ठेवा. हा अर्ज पुढे नॅच विभागाकडे जाणार आहे आणि तो विभाग मुंबईत, बंगळूरमध्ये किंवा आणखी कुठे असेल. तिथे तो कोणालातरी वाचावा लागणार आहे. झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून मिळतो. सही मात्र खाते उघडताना केली तशीच करा. तेव्हा मराठीत केली असेल तर मराठीतच. अंगठा असेल तर खातेदाराने स्वतः पासबुक आणि आधार घेऊन जावे. अंगठा अधिकाऱ्यासमोर घेतात.

निपाणीकडच्या कित्येकांची खाती कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाखेत आहेत. तिथे अर्ज मराठीत चालतो. जवळच्या शाखेत दिलात तर तिने घेतला पाहिजे, पण शिवाय मूळ शाखेच्या ईमेलवर त्याची पोच लागलेली प्रत पाठवा.

काउंटरवर

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. यालाच पोच म्हणतात आणि या सगळ्या कामात सर्वात मोलाचा कागद हाच.

काउंटरवर बहुधा हे ऐकायला मिळेल: “मावशी, हे आमच्या हातात नाही. कंपनीला सांगा, तेच बंद करतील.” हे बरोबर नाही. नॅच मँडेटच्या छापील फॉर्मवरच एक निवेदन असते. हे मँडेट रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार मला आहे, आणि ते मी कंपनीला किंवा माझ्या बँकेला कळवून करू शकतो, असे त्यात म्हटलेले असते. कंपनीला ‘किंवा’ बँकेला. कंपनीची परवानगी आणण्याची अट नाही. शांतपणे एवढेच म्हणा: “सर, मँडेटच्या फॉर्मवरच लिहिले आहे की बँकेला कळवून रद्द करता येते. तुम्ही अर्ज घ्या आणि पोच द्या, पुढचे नॅच विभाग बघेल.” तरी घेत नसतील तर वाद घालत उभे राहू नका. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्याच दिवशी शाखेच्या अधिकृत ईमेलवरही पाठवा. पोस्टाची पावती आणि ईमेलची वेळ हीच तुमची पोच.

शाखेच्या किंवा कंपनीच्या ‘कस्टमर केअर’चा नंबर गुगलवर शोधून फोन करू नका. तिथे भामट्यांनी टाकलेले नंबर असतात. ‘मँडेट रद्द करून देतो, ही फाइल उघडा, ओटीपी सांगा’ असे म्हणून ते पूर्ण खाते धुऊन नेतात. नंबर पासबुकाच्या मागे किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेला तोच वापरा.

पोचेची तारीख आणि पैसे कोणाकडे मागायचे

आता त्या तारखेचे महत्त्व. रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे एक परिपत्रक आहे, फसलेले व्यवहार किती दिवसांत निस्तरायचे आणि ग्राहकाला भरपाई कशी द्यायची यावर. त्यात नॅचबद्दल स्पष्ट म्हटले आहे की, ग्राहकाने बँकेकडे मँडेट मागे घेतल्यानंतरही खात्यातून पैसे कापले गेले तर त्याची जबाबदारी ग्राहकाच्या बँकेची, आणि व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत बँकेने ते निस्तरायचे.

म्हणजे पोचेच्या तारखेने पैशांचे दोन भाग पडतात. मावशींच्या उदाहरणात १५ सप्टेंबरच्या आधीचे ७४९ अधिक ७४९ आणि दंडाचे २९५, असे १,७९३ रुपये. हे बँकेने चुकून कापले असे म्हणता येत नाही, कारण तोवर मँडेट चालू होते आणि बँकेला कोणी काही सांगितले नव्हते. हे पैसे कंपनीकडे मागायचे, कारण सेवा रद्द झाल्यावरही तिने मागणी पाठवली. बँकेला विनंती म्हणून दंड परत मागता येतो, काही शाखा व्यवस्थापक तो माफ करतातही, पण तो हक्क म्हणून धरून बसू नये.

१५ सप्टेंबरनंतर मात्र चित्र बदलते. ७ ऑक्टोबरला पुन्हा ७४९ कटले तर ते बँकेचे ओझे. ‘कंपनीकडे मागा’ हे उत्तर आता चालत नाही.

म्हणूनच मी म्हणतो, अ‍ॅपवाल्यांशी भांडत बसण्याच्या आधी बँकेत अर्ज द्या. कंपनीशी भांडण नंतरही करता येते, पण अर्जाशिवाय गेलेला प्रत्येक महिना कंपनीच्या खात्यात जमा होतो आणि तो परत मिळवणे कितीतरी कठीण असते.

कंपनीकडून मागण्यासाठी आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, सोबत रद्द केल्याचा मेसेज आणि पासबुकाची पाने जोडा. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तिथे मराठीतही बोलता येते. सेवा बंद करणे मुद्दाम कठीण किंवा अशक्य करून ठेवणे याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ असे नाव देऊन मनाई केलेली आहे. तक्रारीत हे नाव लिहा.

पुढच्या तारखेनंतर पासबुक पुन्हा भरा

७ तारीख गेली की ८ किंवा ९ तारखेला पासबुक भरून पाहा. कपात नाही आणि परतावा दंडही नाही, म्हणजे मँडेट खरेच रद्द झाले. कपात नाही पण दंड लागला, असे दिसले तर समजा की बँकेने फक्त ती मागणी परत केली आणि मँडेट अजून नोंदीत आहे. पोच घेऊन लगेच शाखेत जा आणि दंडही परत मागा. हा दंड आता विनंतीचा विषय नाही, कारण मँडेट रद्द करायला सांगितल्यानंतरचा आहे.

पैसेच कटले असतील तर दुसरा अर्ज द्या, आणि यावेळी विषयात ‘तक्रार’ हा शब्द लिहा. विनंती अर्ज आणि तक्रार यांची बँकेत वेगवेगळी नोंद होते. तक्रारीला क्रमांक मिळतो आणि पुढे रिझर्व्ह बँकेकडे जायचे झाले तर हाच क्रमांक विचारतात. मजकूर एवढाच पुरे: १५ सप्टेंबर रोजी मँडेट मागे घेतल्याची पोच जोडली आहे, तरी ७ ऑक्टोबर रोजी ७४९ रुपये कापले, रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ही जबाबदारी बँकेची आहे, रक्कम परत जमा करावी. हा अर्ज उशीर न करता, कपात दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत द्या.

बँकेने दाद दिली नाही तर

तक्रार देऊन ३० दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा आलेले उत्तर पटण्यासारखे नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. `cms.rbi.org.in` या संकेतस्थळावर तक्रार भरता येते. शुल्क नाही. सीमाभागातल्या माणसाने हे लक्षात ठेवावे की खाते कर्नाटकातल्या शाखेत आहे की महाराष्ट्रातल्या, याने काही अडत नाही. २०२१ पासून देशभरासाठी एकच योजना आहे. फोनवर माहिती हवी असेल तर १४४४८ हा नंबर आहे आणि तिथे मराठीत बोलणारी माणसे मिळतात. शाखेत भाषेमुळे गोष्ट नीट सांगता आली नसेल तर हा फोन जरूर करावा.

बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल ती घेत नाही. वकिलामार्फतही करता येत नाही, पण मुलाला किंवा शेजाऱ्याला लेखी अधिकार देऊन त्याच्यामार्फत करता येते. जोडायला तीन कागद लागतात: पोच लागलेला पहिला अर्ज, क्रमांक मिळालेली तक्रार, आणि कपात दिसणारे पासबुकाचे पान.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. आमच्या भागात गल्लोगल्ली सौहार्द सहकारी संस्था आणि पतसंस्था आहेत आणि लोक त्यांना सरसकट बँकच म्हणतात. त्या बँका नाहीत. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल त्यांच्याविरुद्धची तक्रार घेत नाही. ती सहकार खात्याच्या निबंधकाकडे न्यावी लागते. सौहार्दमधल्या खात्यातून काही कटत असेल तर आधी संस्थेच्या कार्यालयात जाऊन ते कोणाच्या आदेशाने कटते हे लेखी मागा. बहुतेक वेळा ते नॅच नसतेच. संस्थेचाच पिग्मी, ठेवीचा किंवा कर्जाचा हप्ता असतो आणि त्यासाठी तुम्ही संस्थेलाच दिलेले सहमतीपत्र मागे घ्यावे लागते.